'औदुंबर' मृत्यूची कविता आहे हे नक्की कुठल्या ओळीत दिसतं?

लाटेवरची:
टीवायला आहे, मराठी स्पेशल. बालकवींच्या 'औदुंबर'वर निबंध लिहिला, पहिलंच वाक्य 'ही कविता निसर्गाची नसून मृत्यूची आहे'. सरांनी समासात लाल पेनाने 'कशावरून?' एवढंच लिहून परत केला. हिरवा रंग संपून काळा येतो, वाट डोहाशी जाऊन संपते, झाड एकटं बसलंय, हे सगळं लिहिलं होतं की मी. मग अजून कशावरून म्हणजे काय? माझा दावा चुकतोय का पुरावा कमी पडतोय? सोमवारी परत द्यायचाय, रत्नागिरीहून वेंगुर्ल्याला घरी आलेय आणि डोकं चालत नाहीये.

हापूस पेटी:
दावाच चुकतोय. शाळेत असताना आम्ही ही कविता निसर्गवर्णन म्हणून पाठ केली, मार्क मिळाले, विषय संपला. झरा आहे, गाव आहे, शेत आहे, वाट आहे, शेवटी पाण्याकाठी उंबर आहे. फोटो काढावा तशी कविता. तुम्ही लोक साधा डोह दिसला की त्यात मृत्यू बुडवता. आणि 'आनंदी आनंद गडे' लिहिणारा माणूस मृत्यूची कविता कशाला लिहील?

बिनपत्ता:
अहो पण बालकवी गेले कसे ते बघा ना, १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली, वय तिशीच्या आत. अशा माणसाच्या कवितेत काळा डोह आला तर तो मृत्यूच असणार. तुझा दावा बरोबर आहे, हे वाक्य घाल निबंधात, सरांना कशावरूनचं उत्तर मिळेल.

खाडीकाठ:
हे वाक्य कृपा करून घालू नकोस. कविता आधी लिहिली आणि अपघात नंतर झाला, कवितेला तो माहीत नव्हता. आणि हापूस पेटींचा मुद्दा म्हणजे तीच गोष्ट उलटी करून, एकजण कवीच्या मरणावरून कविता वाचतोय, दुसरा कवीच्या दुसऱ्याच कवितेवरून. आनंदी आनंद लिहिणाऱ्यानेच 'पारवा' लिहिली, पडक्या धर्मशाळेची, ती वाचून कोणाला आनंद होईल? यावरून एवढंच ठरतं की हा कवी दोन्ही लिहू शकत होता. या आठ ओळींत त्याने काय लिहिलं ते ओळींतच शोधायला लागेल. म्हणून आधी ओळी समोर ठेवू, व्हॉट्सॅपवर फिरतात त्या नको.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे,
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे,
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर,
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आता तुझे तीन पुरावे एकेक करून बघ. प्रत्येकाला एकच प्रश्न विचार, की हा तपशील समोरच्याच्या वाचनातही तितकाच बसतो का? बसत असेल तर तो खोटा नाही, पण तुझ्या बाजूचा पुरावाही नाही, तो नुसता कवितेतला तपशील आहे. वाट डोहाकडे जाते. बरं. हापूस पेटी म्हणतील गावाची वाट पाण्याकडेच जाणार, बायका घागरी घेऊन जाणार कुठे? त्यांचंही वाचन त्या ओळीत आरामात बसलं. शिवाय तू म्हणतेस वाट 'संपते'. ओळीत संपते असं कुठे आहे? 'चालली काळ्या डोहाकडे' एवढंच आहे. कडे. पोचली की नाही तेही सांगितलेलं नाही. सरांचा 'कशावरून' बहुतेक तिथेच पडला असणार.

कोंडाक जाणारो:
अरे बाबांनो तुम्ही ह्या काय लावलास. औदुंबर म्हणजे दत्तगुरू, ह्यात इचारूचा काय आसा? उंबराखाली दत्ताच्या पादुका आसतत, झाड बसलाहा म्हणजे गुरु बसलेत. ता मृत्यू-बित्यू काय नाय. आमच्या घरामागे व्हाळाक कोंड आसा, तेच्यावर उंबर वाकलेलो आसा, भर दुपारी सुद्धा थयसर पाणी काळाच दिसता. कोणी घाबरणत नाय. पोरा पवतत.

हापूस पेटी:
धन्यवाद दादा, हेच म्हणत होतो. सावली पडली की पाणी काळं, संपला विषय.

लाटेवरची:
पण रंगांचं काय? ते तर मी मोजलेत. हिरवाळी, हिरवी, हिरव्या, तीनदा हिरवा, आणि शेवटच्या दोन ओळींत हिरवा नाहीच. तिथे काळिमा. याला तर कोणी सावली म्हणून उडवू शकत नाही ना, कवीने मुद्दाम केलंय हे.

पन्हळ:
मुद्दाम केलंय हे मान्य. मी चिपळूणला कॉलेजात शिकवते म्हणून जरा नाक खुपसते. रंगांचा पुरावा तुझ्या तिन्हींत सगळ्यात चांगला आहे पण तू तो जास्त साफसूफ करून मांडतेस. दुसऱ्याच ओळीत झरा 'निळासावळा' आहे. म्हणजे सावळेपणा पहिल्या कडव्यापासून पाण्यात आहेच, तो शेवटी बाहेरून येत नाही, आणि सहाव्या ओळीत हिरवा आणि काळा एकाच दमात आहेत. 'हिरवं संपतं आणि काळं सुरू होतं' असं लिहिलंस की परीक्षकाला फक्त सावळा शब्दावर बोट ठेवायचंय, पॅरा पडला. त्याऐवजी 'पाण्यातला सावळेपणा गडद होत जातो' असं लिही, मग तोच शब्द तुझ्या बाजूने येतो. गैरसोयीचा शब्द लपवायचा नसतो, तोच आधी घ्यायचा.

मला त्याहून जास्त काय दिसतं सांगू, या कवितेत माणूस नाही. चार घरं आहेत, घरात कोणी नाही. गर्दी आहे पण ती शेतमळ्यांची. चालते ती पायवाट, पाय टाकून बसतो तो उंबर. माणसाच्या क्रिया सगळ्या आहेत, माणूस तेवढा नाही. आणि क्रिया बघ, आधी वाहणं, मग चालणं, मग पसरणं, शेवटी बसणं. वेग उतरत गेलाय. निसर्गाचा नुसता फोटो असता तर हा उतार कशाला हवा होता?

हापूस पेटी:
मॅडम डोहात 'लाटा' आहेत की. तुमच्या उतारावर लाटा कुठून आल्या? सगळं शांत शांत होत जातंय म्हणता आणि सातव्या ओळीत लाटा.

पन्हळ:
हा प्रश्न खरंच चांगला आहे, आणि मी उतार मोजला तेव्हा हा शब्द धरला नव्हता. बसलेल्या झाडाखाली पाणी हलतंय, म्हणजे पूर्ण निश्चल चित्र नाही. तरी वेग उतरतो हे मी सोडणार नाही, पण 'सगळं थांबतं' असं कोणी लिहिलं तर लाटा त्याच्या विरोधात जातील.

खाडीकाठ:
लाटांच्याच ओळीत या कवितेचं खरं कुलूप आहे आणि त्याच ओळीवर तू निबंधात एक शब्द लिहिलेला नाहीस. 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर'. जरा सांग, पसरतं कोण?

लाटेवरची:
काळिमा. काळिमा लाटांवर पसरतो.

खाडीकाठ:
सगळेच असं वाचतात. पण मग ते 'पसरे' झालं असतं. याच कवितेत पाचव्या ओळीत वाट 'पडे' आहे, आपल्याआप होणारी क्रिया. जुन्या कवितेत पडे, बसे, चाले, वाहे हे असे जातात. दुसऱ्या कशावर तरी करायची क्रिया असली की करी, टाकी, फेकी, धरी. पसरणे दोन्ही बाजूंनी चालतं, पाणी पसरे आणि हात पसरी. कवीसमोर दोन्ही रूपं होती. वृत्तासाठी केलं म्हणशील तर पसरे आणि पसरी दोन्हींचं वजन एकच आहे, दोन लघु एक गुरु, मात्रा एकही इकडची तिकडे होत नाही. यमकही तिथे नाही, यमक लाटांवरला आहे. म्हणजे कुठलीही सक्ती नसताना 'पसरी' निवडलंय. काळिमा पसरत नाही, कोणीतरी पसरतंय.

कोण ते पुढच्या ओळीत बघ. जळ झाकळून, लाटांवर काळिमा पसरून, जळात पाय टाकून जो बसलाय तो औदुंबर. दोन ओळींचं एकच वाक्य आहे आणि त्याचा कर्ता अख्ख्या कवितेचा शेवटचा शब्द आहे. आता मागे जाऊन सहावी ओळ वाच, डोह काळा का आहे ते तिथे कळत नव्हतं, आता कळतं. आमच्या कोंडवाल्या भावाने घरामागे जे पाहिलंय तेच कवितेत आहे, फक्त त्यांना ते व्हाळात दिसलं आणि आपल्याला ते 'पसरी'त सापडलं. निबंधात मात्र व्हाळ चालणार नाही, पसरीच लागेल. कविता खानदेशात जन्मलेल्या कवीची आहे, आपल्या घरामागचं पाणी त्यात ओतता येत नाही.

कोंडाक जाणारो:
म्हणजे मियां बरोबर होतंय तर. दत्तगुरूंचा काय झाला मग?

खाडीकाठ:
सावलीचं अगदी बरोबर. दत्तगुरू मात्र झाडासोबत बाहेरून येतात, ओळीत त्यांना जागा दाखवणारं काही नाही. पादुका नाहीत, पार नाही, वंदन करणारा कोणी नाही. उंबर म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात दत्त येतो हे खरं, तेवढं एका वाक्यात लिहिता येईल. त्यावर अख्खा अर्थ उभा करता येणार नाही.

पन्हळ:
खाडीकाठ, व्याकरण मान्य, पण एका ठिकाणी मी तुमच्याशी भांडणार. 'म्हणे' बघा, म्हणणे ही क्रिया दुसऱ्या कशावर तरी होते, तरी म्हणी होत नाही. म्हणजे नियम लोखंडी नाही.

खाडीकाठ:
म्हणे अपवाद आहे, कबूल. पण म्हणेला दुसरं रूपच नाही, निवडीचा प्रश्न येत नाही. पसरेला होतं.

पन्हळ:
बरं ते सोडते. माझं मुख्य भांडण वेगळं आहे. तुम्ही वाक्य पूर्ण झाल्यावर मागे जाऊन कर्ता लावताय. वाचक तसं वाचत नाही, वाचक ओळीने वाचतो. सातवी ओळ संपेपर्यंत औदुंबर आलेलाच नसतो. त्या एका ओळीपुरता काळिमा बेवारस आहे, पाणी झाकळतंय आणि कोण झाकळतंय ते कळत नाही. ती जी अस्वस्थता आहे तीच लाटेवरचीला जाणवली आणि तिने तिला घाईत मृत्यू नाव दिलं. नाव चुकलं असेल, जाणवलेलं चुकलेलं नाही. कर्ता उशिरा देणं हीसुद्धा कवीचीच निवड आहे, पसरीसारखी.

हापूस पेटी:
हे म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्हीच खेळणार. कर्ता आहे म्हणून अर्थ, कर्ता उशिरा आहे म्हणून पण अर्थ. मग असा कुठला शब्द आहे की ज्याने तुमचं वाचन पडेल ते तरी सांगा?

पन्हळ:
गोड. मृत्यूचं वाचन 'गोड'वर पडतं. मरणाचा काळिमा गोड कसा ते सांगितल्याशिवाय त्या बाजूने एक पाऊल पुढे टाकता येत नाही, आणि लाटेवरची, तुझ्या निबंधात गोड हा शब्द आहे का गं?

लाटेवरची:
नाही. ओळ लिहिली होती पण अर्धीच, 'काळिमा पसरी लाटांवर'.

पन्हळ:
मग सरांनी लाल पेन तिथेच उचललं असणार. अवतरण देताना नेमका विरोधात जाणारा शब्द कापला गेला की परीक्षकाला सगळ्यात आधी तेच दिसतं, मी पेपर तपासते म्हणून सांगते, मुद्दाम कापलं की चुकून ते आम्हाला कळत नाही, आम्ही वाईटच धरतो. आणि हापूस पेटी, तुमचं वाचन पडतं 'झाकळुनी'वर. नुसती सावली दाखवायची असती तर झाकळणं कशाला हवं होतं? आभाळ झाकळतं तेव्हा उजेड जातो, हा शब्द गोडच्या उलट्या दिशेला ओढतो. एकाच ओळीत झाकळणं आणि गोड, मध्ये फक्त जळ. ज्याला यातला एकच शब्द वापरून निबंध लिहायचाय त्याने दुसऱ्याचा हिशोब द्यायलाच लागेल.

लाटेवरची:
मग मी दावा काय करू? मृत्यू सोडायला माझी तयारी नाही, मला ती कविता वाचून दरवेळी तेच वाटतं.

खाडीकाठ:
वाटणं ठेव, वाक्य बदल. 'मृत्यूची आहे' म्हटलंस की आठही ओळींचा जबाब तुला द्यायला लागतो. लहान दावा कर, म्हणजे तो पूर्ण लढवता येतो. मी लिहिलं असतं तर पॅरा साधारण असा:

'कवितेच्या शेवटी येणारा काळोख भीतीचा नाही, तो औदुंबराने स्वतः पसरलेला आणि कवीला गोड वाटलेला आहे. सातव्या ओळीत "पसरे" न वापरता "पसरी" वापरल्यामुळे काळिम्याला कर्ता लागतो, आणि तो कर्ता आठव्या ओळीच्या अखेरीस, कवितेचा शेवटचा शब्द म्हणून मिळतो. तोपर्यंत वाचकाला पाणी झाकळताना दिसते, पण कोणामुळे ते दिसत नाही. "झाकळुनी" या शब्दातला उजेड जाण्याचा अनुभव आणि "गोड" हा शब्द एकाच ओळीत ठेवून कवी काळोखाला नकोसा न ठरवता जवळचा करतो.'

यात मृत्यू शब्द एकदाही नाही. पुढच्या पॅऱ्यात तू म्हणू शकतेस की असा जवळचा वाटणारा काळोख मृत्यूकडे बघण्याची एक रीत म्हणूनही वाचता येतो, 'वाचता येतो' म्हण, 'आहे' म्हणू नकोस. आणि रंग, वेग, बिनमाणसांचं गाव हे सगळं मग या ओळीच्या आधाराला आण, वाटेसकट. सुरुवात तिथून करू नको.

हापूस पेटी:
पॅरा चांगला आहे हे मान्य करतो पण एक सांगा, 'जवळचा करतो' हे कुठल्या शब्दात आहे? गोड म्हणजे चवीला, नजरेला बरं वाटणं. जवळचा हे तुम्ही घातलंत. तिला कशावरून विचारता आणि स्वतः?

खाडीकाठ:
शेवटच्या ओळीतून काढलंय. ज्या पाण्यावर त्याने काळिमा पसरलाय त्याच पाण्यात पाय टाकून तो बसलाय. लांबून बघत नाही. पण तो दुवा मी पॅऱ्यात लिहिला नाही हे खरं, लाटेवरची, तिथे हे वाक्य घाल, नाहीतर तुझे सर परत विचारतील.

बिनपत्ता:
आणि 'असला औदुंबर' मधल्या असलाचं काय? मला तर वाटतं 'बसला असला' म्हणजे बसलेला असेल, कवीलाच खात्री नाही. मग तुमचा कर्ताच डळमळतो.

पन्हळ:
तो 'असा' या अर्थाचाच असला असणार असं मी आजवर धरलंय, असा हा औदुंबर. पण तुम्ही म्हणता तसं वाचायला वाक्यरचना आडवी येत नाही. खाडीकाठ?

खाडीकाठ:
शंका दाखवायची तर 'असावा' आलं असतं. पण पसरीला जसा पडे शेजारी मिळाला तसा असलाला या आठ ओळींत दुसरा कुठे सापडत नाही, तुलना करायला काही नाही. मी 'असा' वाचतो, पण पसरीइतकी छातीठोक पैज यावर लावणार नाही.

लाटेवरची:
मी असला निबंधात घेत नाहीये, लटकेन. पसरी आणि गोड घेतेय, अवतरण पूर्ण ओळीचं. मृत्यू शेवटच्या पॅऱ्यात 'वाचता येतो' म्हणून ठेवतेय, काढत नाही. सरांनी परत कशावरून लिहिलं तर इथेच येऊन टाकते फोटो.

कोंडाक जाणारो:
टाक गो. आणि दत्तगुरूंचा एक वाक्य घाल म्हणान सांगितल्यानी हत तुका, ता इसरा नको.